बाबांचे चार हात

धाकटी बहीण नर्स आहे, पुण्याला. यंदा भीमजयंतीला तिला रजा मिळाली नाही. जन्मात पहिल्यांदाच तिची आमच्या गावची, देवळीची मिरवणूक चुकणार होती. सकाळीच तिचा फोन आला. "आतषबाजी कुठंही दिसते वं ताई. मले आपले बाबा पायजे, विहारासमोर, वर शॉट फुटून राह्यले असे. एकच फोटो, पण साफ." मी ऐटीत हो म्हटलं.

मिरवणूक विहारापाशी आली की शॉटच्या तीन पेट्या लावतात. एका पेटीत एकच फोटो साधतो, मग धूर भरतो; म्हणजे मला तीनच संधी. बाबांना दिव्याच्या उजेडात उभं केलं. वारा पाठीमागून होता, धूर पलीकडे जाणार होता. समोरच्या ओट्याच्या कठड्यावर कोपरं टेकली, फोनचा नाइट मोड लावला आणि बाबांच्या चेहऱ्यावर बोट दाबून फोकस बांधला. फोटोचा उजेड थोडा कमी केला.

पहिली पेटी. शॉट फुटला तसं मी बटण दाबलं. फोटोत नुसता धूर! फुटल्यावर दाबून काय उपयोग? ठिणगी सूं करत वर निघाली की दाबायचं, हे मला माहीत होतं, पण हात आवाजालाच भुलला. स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या पेटीला वेळ अचूक साधली. आभाळात लांब सोनेरी रेघा उमटल्या. खाली मात्र बाबांना चार हात आणि दीड डोकं. नाइट मोडला तीन सेकंद लागतात आणि तेवढ्यात तीन जणांनी बाबांना जय भीम केला होता.

"बाबा, हालू नोका ना!"

"काऊन वं? लोक जय भीम करून राह्यले अन मी खांबासारखा उभा राहू? मी पुतळा आहो काय?"

उभ्या आयुष्यात ज्यांनी कुणाचा जय भीम रिकामा परत पाठवला नाही, त्यांच्याशी काय वाद घालणार? आता एकच पेटी उरली होती. धूर विरेपर्यंत मी विचार केला आणि म्हटलं, "मंग हात जोडूनच ठेवा. सगळ्यायले एकदमच."

त्यांना ते पटलं. हात जोडून ते थेट माझ्याकडे बघत उभे राहिले. ठिणगी वर निघाली. मी श्वास धरला आणि बटणाला अलगद बोट लावलं.

आजूबाजूची माणसं पुसट झाली होती. मधे बाबा लख्ख, आणि डोक्यावर लाल-हिरव्या रेघांचं झाड. मी आनंदानं ओरडलेच. फोटो तिथूनच पाठवला.

थोड्या वेळानं तिचा आवाजी निरोप आला. मी फोन बाबांच्या कानाशी धरला. वॉर्डातली गडबड ऐकू येत होती आणि त्यात तिचा आवाज, "जय भीम, बाबा."

बाबांनी फोनला हात जोडले. या वेळी मी त्यांना हलू नका म्हटलं नाही.