एक तारखेची सही

त्यांना सगळे पोचकाका म्हणायचे. वकिलांकडे बावीस वर्षं कारकून होते. पत्र लिहिणं वकिलांचं काम, पोचवणं काकांचं. मी साहित्याची पदवी घेऊन तिथे टायपिंगला लागलो. माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठे, पण डबा माझ्याशेजारी बसून खात. मित्रच झाले.

"तुझ्या कादंबऱ्यांत पत्र पोचतं, पण पोचलं याला पुरावा काय?" ते विचारायचे. मग बोटांवर मोजून सांगायचे. रजिस्टर पोस्ट केलं तर पोचपावती. ईमेल केला तर त्याची साखळी. हाती दिलं तर स्थळप्रतीवर, म्हणजे आपल्याकडे राहणाऱ्या प्रतीवर, सही आणि तारीख. "सहीसारखी दुसरी गोष्ट नाही बघ."

एक शिवणकाम करणारी ताई आमची अशील होती. दुकान भाड्याचं. करार वाढवून हवा असेल तर तसं पत्र महिनाअखेर, म्हणजे तीस तारखेपर्यंत, मालकाला मिळायला हवं होतं. ईमेलही चालेल असं करारात होतं. नाही मिळालं, तर दुकान खाली करायचं.

आम्ही तिन्ही वाटांनी पत्र पाठवलं; ईमेल ताईच्या पत्त्यावरून गेला. रजिस्टर पाकीट 'घर बंद' असा शेरा घेऊन परत आलं. पत्र मिळालंच नाही म्हणून मालक कोर्टात गेला; ईमेलचा पत्ता आपण केव्हाच सोडला, असं म्हणाला. उरली काकांची स्थळप्रत. तिच्यावर मालकाच्या आईची सही होती आणि खाली तारीख, तीस. आपण त्याच दिवशी पत्र दिलं, असं प्रतिज्ञापत्र काकांनी केलं. टाइप मीच केलं.

मालकाची आई साक्षीला आली. जाड चष्मा, हातात रुमाल.

"सही माझीच," ती म्हणाली. "अक्षरही माझंच. पण त्या दिवशी पुढच्या महिन्याची एक तारीख होती. त्याच दिवशी माझ्या डोळ्याची पट्टी निघाली. आदल्या दिवशी मला लिहिता कुठून येणार?"

"मग तीस का लिहिलंत?" आमच्या वकिलांनी विचारलं.

"मी पत्र आणणाऱ्या या काकांना विचारलं, आज किती तारीख? यांनी सांगितली, ती मी लिहिली."

"आजी, आज किती तारीख आहे?" वकील म्हणाले.

ती गोंधळली. मुलाकडे पाहू लागली. मुलगा पुटपुटला, "आई, काय हे!" मागे कुणीतरी हसलं. मीही हसलो.

काका हसले नाहीत. जेवणाच्या सुट्टीत डबा त्यांनी उघडलाच नाही.

"म्हातारी खरं बोलतेय," ते म्हणाले.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"तीस तारखेला पाकीट माझ्या पिशवीत होतं. चार ठिकाणी फिरलो आणि ते राहून गेलं. दुसऱ्या दिवशी गेलो. तिनं तारीख विचारली. तोंडातून तीसच निघालं. बावीस वर्षांत एकदाच."

वकील चिडले. "आता तोंड उघडलंत तर ताईंचं दुकान जाईल. कळतंय?"

"म्हणून आधी त्यांनाच सांगतो," काका म्हणाले.

ताई व्हरांड्यात बाकावर बसली होती. काका तिच्यासमोर उभे राहिले. बसले नाहीत. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"काका, मी रोज देवासारखं तुमचं नाव घेत होते हो," ती म्हणाली. मग उठून उभी राहिली. "जा. सांगा कोर्टाला. त्या आजीला सगळे वेडं ठरवतायत."

काकांनी नवं प्रतिज्ञापत्र दिलं. स्थळप्रतीचा पुरावा गेला. खोट्या शपथेबद्दल काकांची वेगळी चौकशी लागली. त्यांनी नोकरी सोडली. वकिलांनी अडवलं नाही.

राहिलेली कागदपत्रं ताईनं एकदा स्वतः तपासायला घेतली. तिनं फोनवर मालकाचा एक मेल उघडला. अठ्ठावीस तारखेचा, एकच ओळ: 'भाडे मिळाले.' तो मी कधीच छापून फाइलला लावला होता. पण छापताना खालचा, तीन टिंबांमागे झाकलेला भाग मी उघडलाच नव्हता. ताईनं बोट लावलं. खाली आमचंच पत्र उलगडलं. मालकानं त्याच पत्राला उत्तर दिलं होतं. सोडलेल्या पत्त्यावरून. मुदतीच्या दोन दिवस आधी.

संपूर्ण साखळी, सोबत ईमेल खरा असल्याचं प्रमाणपत्र, आम्ही दाखल केली. न्यायाधीशांनी ती मान्य केली. दुकान राहिलं.

मी काकांच्या घरी सांगायला गेलो. ते दारातच उभे होते.

"अठ्ठावीसला?" त्यांनी विचारलं.

"हो. माझीच चूक. मी वरचीच ओळ छापली."

"म्हणजे सहीची गरजच नव्हती." ते खाली बघत राहिले. "त्या म्हातारीला साऱ्या कोर्टात हसलात तुम्ही. माझ्यामुळे."

मी हसल्याचं त्यांनी पाहिलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

"चल," ते चपला घालत म्हणाले. "तिच्या घरी माफी मागायला जायचंय. एकट्यानं मला जमत नाहीये."

मी त्यांच्याबरोबर निघालो.