पाठ केलेली ओळख

अर्धं आयुष्य वॉर्डात गेल्यामुळे शेजारीपाजारीही तिला सिस्टरच म्हणत. परदेशातल्या इस्पितळात नोकरी ठरली होती. अट एकच, आधी तिथल्या भाषेची परीक्षा. ती पास झाली की लेकीला आणता येणार होतं. तोवर लेक मायदेशी मैत्रिणीकडे. परदेशातल्या भाषाशाळेतला पहिला आठवडा संपल्यावर, रविवारी, वसतिगृहातल्या खोलीत सिस्टर मैत्रिणीला पत्र लिहायला बसली. फोनवर बोलावं तर लेक शेजारीच कान टवकारून असणार.

‘अगं, आल्या आल्या वर्ग ठरवायची चाचणी. आधी संगणकावर. बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा. मग हेडफोन लावून ऐकायचं, एका ईमेलला उत्तर लिहायचं. पर्याय ओळखण्यात माझा हात कोण धरणार? आपल्या तिकडच्या क्लासात तेच तर घोकलं! शेवटी इथल्या बाई म्हणाल्या, स्वतःबद्दल सांगा. मी धडाधडा म्हणून दाखवलं. खालचा वर्ग सोडून थेट मधल्या वर्गात! मला आभाळ ठेंगणं झालं.’

ते आभाळ चाचणीच्या दुसऱ्याच दिवशी डोक्यावर कोसळलं होतं. बाई बोलत, वर्ग हसे, आणि काही कळलं नसलं तरी सिस्टरही सगळ्यांबरोबर हसे. गुरुवारी जोड्या लावून सराव होता. शेजारच्या बाकावरचा, पेशाने सुतार असलेला, रोगी झाला, ही नर्स. त्याच्या हातातल्या चिठ्ठीवर होतं, या गोळीने अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो. त्याने ते नीट सांगितलं. सिस्टरने हसून मान हलवली आणि तीच गोळी पुढे केली.

“त्यांनी काय सांगितलं तुम्हाला?” बाईंनी विचारलं.

सिस्टरने पुन्हा हसून मान हलवली. वॉर्डातल्या शिकाऊ पोरींना ती स्वतःच दटावायची, “कळलं नाही तर मान डोलवायची नाही!” आज तिला स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती.

वर्ग बदलायला पहिल्या शुक्रवारपर्यंत मुभा होती. खाली उतरलं की परीक्षा लांबणार, लेकीचं येणं लांबणार. तरी शुक्रवारी सकाळी तिने बाईंकडे वर्ग बदलून मागितला. बाईंनी पुन्हा तोंडी घेतली. या वेळी प्रश्न वेगळेच. वाटेत काय पाहिलं? काल काय शिजवलंत? सिस्टर अडखळली.

“घरी कोण आहे?” बाईंनी हळूच विचारलं.

याचं उत्तर पाठ होतं, लांबलचक. ते तिने गिळलं आणि एकेक शब्द जुळवला. “मुलगी. ती वाट बघते.”

बाईंनी खालच्या वर्गाचा कागद पुढे केला. सिस्टरने सही केली.

‘तूही यायचं म्हणतेस, तर ते घोकणं आजच बंद कर,’ रविवारी तिने पत्रात पुढे लिहिलं. ‘आणि लेकीला आता शाळेचं हे वर्ष तिथेच काढावं लागेल. तू सांगू नकोस, मीच फोनवर सांगेन. तेवढा वेळ फक्त तिला जवळ घेऊन बस.’