पोर्टातली जीभ

लग्नाच्या फोटोग्राफरला मिळणारी सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे "ओळखूच येत नाही!" अल्बम उघडला की नवरीची आत्या पहिल्याच पानावर हे म्हणते आणि माझ्या जिवात जीव येतो. मलकापुरात बावीस वर्षं मी याच वाक्यावर पोट भरलं. पुटकुळ्या काढल्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं काढली, दोन दातांमधली फट बुजवली. हाताला इतकी सवय झाली की फोटो संगणकावर उघडला की बोटं आधी डाग शोधतात, चेहरा मग दिसतो. या सवयीनं एकदा माझ्या मित्राचं दुकान बुडवायची वेळ आणली होती, ती गोष्ट सांगतो.

हा मित्र शाळेपासूनचा. जुन्या हायवेला लागून त्याचं मोबाईलच्या सामानाचं दुकान. पॉवर बँक, केबल, अ‍ॅडॉप्टर, कव्हर, काचा. ट्रकवाले चहाला थांबायचे आणि चार्जर घेऊन जायचे, त्यावर त्याचं बरं चाललं होतं. मग वाहतूक बाहेरच्या रस्त्यानं वळली आणि दुकानासमोर कुत्री निवांत झोपायला लागली. तेव्हा त्यानं ऑनलाइन विकायचं ठरवलं. एका मोठ्या बाजार-साइटवर खातं काढलं, माल भरला, आणि अडकला तो फोटोंवर.

पहिल्यांदा त्यानं इंटरनेटवरून कुणाचे तरी फोटो उचलून टाकले. फोटोतल्या पॉवर बँकेला एक पोर्ट जास्त होतं. नामंजूर. दुसऱ्यांदा त्यानं मोबाईलमधल्या एका अ‍ॅपला सांगून चित्रच बनवून घेतलं. ते मला दाखवायला आला तेव्हा मी खुर्चीवरून पडायचा राहिलो होतो. पोर्ट कसलं, सदऱ्याचं काज वाटत होतं. केबलचं वेटोळं तर असं की एक टोक आत शिरलं ते बाहेर आलंच नाही. तेही नामंजूर, आणि वर ताकीद आली: वस्तू आणि फोटो जुळत नाहीत, आणखी एक संधी, सात दिवस, नाहीतर खातं बंद.

"तू काढून दे बे," तो म्हणाला. "आता हेच एक राह्यलं हाय. हे गेलं तर शटर ओढून घेतो अन् बसतो घरी."

तो हे हसून म्हणाला, पण त्याचं हसू मला शाळेपासून ओळखीचं आहे. मी म्हटलं, माल ठेवून जा, काळजी करू नको. आणि लग्नांच्या गडबडीत पाच दिवस तो माल माझ्या कपाटात पडून राहिला. याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

सहाव्या दिवशी टेबलावर पांढरा चार्टपेपर भिंतीला वळवून लावला, एका बाजूला मोठा लाइट, दुसऱ्या बाजूला उजेड परतवायला थर्माकोलची पाटी. काळी चकचकीत पॉवर बँक, तिच्या एका कडेला एक टाईप-सी आणि दोन रुंद यूएसबी पोर्ट. पांढरा अ‍ॅडॉप्टर, दोन गोल पिनांचा. आणि दोन मीटर लांबीची केबल. नवरीपेक्षा हे सोपं, असं मला वाटलं. हलत नाही, रुसत नाही, मामा मध्ये येत नाही.

केबल मात्र हलली. लग्नात लाइटच्या वायरी गुंडाळतो तशी ती मी हात आणि कोपराभोवती गुंडाळली. टेबलावर ठेवली की उसळून आठाचा आकडा व्हायची. शेवटी चिडून खालून चिकटपट्टी लावली आणि फोटो काढून घेतले. चिकटपट्टीचा उंचवटा दिसत होता, तो संगणकावर पुसला. पोर्टांच्या आत पांढरट काहीतरी अर्धवट चमकत होतं, तेही पुसलं. अ‍ॅडॉप्टरवर बारीक करडे ठिपके होते, तेही गेले. सगळं कसं स्वच्छ, गुळगुळीत, काळंभोर. मी स्वतःवरच खूश झालो आणि सातव्या दिवशी दुपारी फोटो पाठवून दिले.

मित्र त्या दिवशी डोणगावला बहिणीकडे साखरपुड्याला गेलेला. दुकानात त्याची बायको, म्हणजे वहिनी होत्या. दुकानातली दुरुस्ती त्याच करतात. भिंग लावलेल्या दिव्याखाली बसून मोबाईलचं बिघडलेलं चार्जिंग पोर्ट काढायचं आणि नवं बसवायचं, हे त्यांचं रोजचं काम. संध्याकाळी सहाला मुदत संपणार होती. साडेतीनला त्यांचा फोन आला.

"भाऊजी, फोटो लय झकास आले. साइटवर चढवले बी. बटन दाबाचं राह्यलं."

"मग दाबा ना."

"दाबतो. पण एक सांगा, याच्यात वायर घुसन कुठून?"

मला आधी रागच आला. वीस-वीस हजारांचे अल्बम मी करतो आणि या मला पोर्ट शिकवणार. मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, "वहिनी, पोर्ट समोरच आहेत की."

"भोक हाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "जीभ नाय."

पाच मिनिटांत त्या शटर अर्धं ओढून स्टुडिओत हजर झाल्या. हातात दुसरी पॉवर बँक आणि छोटी टॉर्च. त्यांनी टॉर्च पोर्टात मारली आणि मला डोळा लावायला सांगितलं. रुंद पोर्टाच्या वरच्या अर्ध्यात पांढरी प्लॅस्टिकची पट्टी होती आणि तिच्या खालच्या अंगाला चार सोनेरी पट्ट्या. टाईप-सीमध्ये बरोबर मधोमध एक पातळ जीभ, चहूबाजूंनी सुटी.

"मले वाटलं कचरा हाय," मी म्हणालो. माझी बोली मी स्टुडिओत बोलत नाही, पण तेव्हा आपोआप निघाली.

"त्याच कचऱ्यातून सारा करंट जाते, भाऊजी."

मग त्यांनी माझ्या पडद्यावर बोट ठेवून केबलचा माग काढायला सुरुवात केली. एका टोकापासून निघाल्या, वेटोळ्यात शिरल्या, आणि जिथे मी चिकटपट्टीचा उंचवटा पुसला होता तिथे त्यांचं बोट थांबलं. केबल तिथे संपत होती. दोन बोटं सोडून पलीकडे दुसरी केबल सुरू होत होती. ज्या अ‍ॅपला मी पोट धरून हसलो होतो, त्याचंच काम मी हातानं केलं होतं. आणि अ‍ॅडॉप्टरवरचे करडे ठिपके? ती किती व्होल्ट आत आणि किती बाहेर हे सांगणारी बारीक छपाई होती. नवरीच्या चेहऱ्याला पावडर लावावी तशी मी ती पुसून टाकली होती.

वहिनींनी ते बटण दाबलं असतं तर खातं गेलं असतं, आणि गेलं असतं ते माझ्यामुळे. त्यांनी मात्र घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, "दोन तास हायेत. होईन ना?"

मूळ फोटो शाबूत होते, पण ते कामाचे नव्हते. लाइट बाजूनं असल्यामुळे पोर्टांच्या आत उजेड पोहोचलाच नव्हता. जीभ अर्धी दिसत होती म्हणून तर मला कचरा वाटली. सगळं परत काढणं आलं. मी टेबल मांडलं आणि वहिनी केबल घेऊन बाहेर गेल्या. पाहतो तर त्यांनी ती जिन्याच्या पत्र्यावर उन्हात सरळ पसरून ठेवलेली. मार्चचं ऊन, दहा मिनिटांत केबल मऊ झाली आणि खोक्यातल्या घड्या सुटल्या. मग त्यांनी एक वेढा सरळ घेतला, दुसरा बोटं आतून फिरवून उलटा घेतला, परत सरळ, परत उलटा. केबलला पीळच बसला नाही. तळव्याएवढं गोल वेटोळं टेबलावर ठेवलं तर जागचं हललं नाही. दोन्ही टोकं एकाच बाजूनं बाहेर, शेजारी शेजारी.

"हे कुठे शिकलात?"

"लग्नात तुमी कोपरावर गुंडाळता तशा वायरी आमच्याकडं दुरुस्तीले येतात. आतून तुटलेल्या."



पोर्टांचं काम अवघड निघालं. मोठा लाइट समोर आणला तर चकचकीत काळ्या अंगावर पांढरा चट्टा उमटे आणि आतला अंधार काही हलत नसे. टॉर्च मारली तर एकच ठिपका पांढराफटक जळून निघे. मग माझं लक्ष भिंतीवरच्या आरशाकडे गेलं. पासपोर्ट फोटोला आलेली माणसं ज्यात बघून केस विंचरतात तो, वहीच्या पानाएवढा. खिडकीतून उन्हाचा उजेड येत होता. पॉवर बँक ठोकळ्यावर ठेवली, कॅमेरा किंचित खाली घेतला, आणि वहिनींनी लेन्सच्या अगदी शेजारी आरसा धरला. उजेड खिडकीतून आरशात आणि आरशातून सरळ पोर्टात गेला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठं करून पाहिलं तर पांढरी जीभ दिसली, चारही सोनेरी पट्ट्या मोजता आल्या. टाईप-सीमधली जीभ मधोमध, भोवतीची फट सगळीकडून सारखी. मी बावीस वर्षांत असंख्य नवरानवरींना हसवून फोटो काढले असतील, पण त्या चार पट्ट्या पाहून झाला तसा आनंद क्वचित झाला असेल.

शेवटी संगणकावर बसलो. हात सवयीनं पुसायच्या हत्याराकडे गेला. मागून वहिनी म्हणाल्या, "आता काय पुसून राह्यले?"

"काही नाही," म्हणालो आणि हात मांडीवर ठेवला. चार्टपेपरवरची एक माशी तेवढी त्यांची परवानगी घेऊन काढली.

पावणेसहाला त्यांनी बटण दाबलं. मग आम्ही दोघं खाली जाऊन चहा प्यालो. डोणगावहून मित्राचा फोन आला, "झालं का बे?" वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि फोनवर म्हणाल्या, "हाव, झालं. भाऊजींनी लय मेहनत घेतली." मला त्या चहाबरोबर जमिनीत जावंसं वाटलं, आणि त्यांचे पायही धरावेसे वाटले.

तिसऱ्या दिवशी मंजूर असा निरोप आला. मित्र पेढे घेऊन आला, तेव्हा मी त्याला सगळं खरं खरं सांगून टाकलं. तो हसला, यावेळी खरा हसला. छातीवरचं ओझं कुणीतरी उचलून बाजूला ठेवावं तसं मला वाटलं.

पहिलं पार्सल वहिनींनी स्वतः भरलं, केबल त्याच पद्धतीनं गुंडाळून. पंधरा दिवसांनी त्यांनी मला मोबाईलवर त्या ग्राहकाचं मत पाठवलं. पाच तारे, आणि खाली एकच ओळ: फोटोत जसं आहे अगदी तसंच आलं.

ती ओळ मी स्टुडिओत आलेल्या दोघातिघांना वाचून दाखवली. त्यांना त्यात विशेष काय ते कळलं नाही.