सुटलेली ओळ

कामठ्याची रविता तुरकर गोंदियाच्या एका छापखान्यात कॉम्प्युटरवर लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवत असे. आधी ती पाकिटं चिकटवायची. ऑपरेटरच्या मागे उभी राहून, बघून बघून कॉम्प्युटर शिकली आणि खिडकीजवळची खुर्ची तिची झाली. त्या खुर्चीवर बसताना ती ओढणी अशी सारखी करी, जशी एखादी पाटलीण.

२००५ च्या उन्हाळ्यात यादोराव पटले मुलाच्या लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन आले. तेही कामठ्याचेच. रविताने मजकूर जुळवून नमुना कागदावर काढून दिला. यादोरावांनी तो उजेडात धरला.

"मजा नाही येऊन राहिली."

"काय बदलू, काका?"

"तेच तर तुले समजाले पायजे."

तिने गणपती बदलला. मग वेल, मग रंग, मग अक्षर. यादोराव यायचे, चहा प्यायचे, मान हलवायचे. "खाली जड वाटते जरा," एवढंच म्हणायचे. तिने खालची नावं बारीक केली. तरी जडच.

छापखान्याचे मालक गोवर्धनभाऊ ऐन लगीनसराईत गिऱ्हाईक तुटेल म्हणून तापले. "एक पत्रिका पास होऊन नाही राहिली तुझ्याच्यानं. तुले पाकिटंच बरी होती. आज पास नाही झाली, तर खुर्ची सोड."

त्या दिवशी रविताने यादोरावांकडे नीट पाहिलं. त्यांचं बोट कागदावर तळाशी थांबलं होतं, विनीत म्हणून पहिलं नाव होतं तिथे. शालीकराम पटले, थोरले भाऊ. शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून, दोघांचं बोलणं बंद होतं, हे कामठ्यात कोणाला ठाऊक नव्हतं?

यादोराव हळूच म्हणाले, "तुमचं कंपूटरचं काम. एखादी ओळ सुटूनबी जाते."

ओळ तिने सोडायची, दोष तिच्या माथी यायचा. शालीकरामांचं घर तिच्या घराला लागून.

तिने पेन पुढे केला. "काका, जे नको ते तुमच्या हातानं कापा. खाली सही करा. लगेच छापते."

यादोरावांनी पेनकडे पाहिलं, चष्मा पुसला. "घरी विचारून येतो," म्हणाले आणि गेले ते गेलेच.

संध्याकाळी तिची खुर्ची गेली.

पंधरवड्याने शालीकराम तिच्या ओट्यावर येऊन बसले. हातात दुसऱ्याच छापखान्याची पत्रिका होती. तळाची पहिली ओळ नव्हती.

"यादो मनते, छापणाऱ्याची चूक झाली. तू होतीस का?"

"मी नव्हती, बाबाजी. मले सोडता नाही आली."

म्हाताऱ्याने पत्रिका घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाला, "मनजे त्यानं तुलेबी मनलं होतं."

ती उठली. आतून पाणी आणून दिलं.

सकाळी ती पहिल्याच बसने छापखान्यात गेली. खिडकीजवळ आता दुसरं कोणी बसत असे. रविताने खळ कालवली आणि पाकिटांचा गठ्ठा पुढे ओढला. उन्हाळा अजून बराच उरला होता.