गुरुवारची आरती आणि तेहतीस रुपयांची ऑर्डर

दिगंबरराव टेंबे एकोणऐंशी साली साताऱ्याहून कलकत्त्याला आले, ते गार्डन रीचला रेल्वेच्या मुख्य कचेरीत, वेळापत्रकाच्या विभागात. चार-पाच वर्षांत बदली मिळेल आणि आपण परत जाऊ, असं त्यांनी आईला सांगितलं होतं. अडतीस वर्षांनी निवृत्त झाले तेव्हा खिदिरपूरच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांचा स्वतःचा फ्लॅट होता, बंगाली इतकं सराईत होतं की मासेवाल्याशी ते त्याच्याच भाषेत भांडायचे, आणि तरी घरात मासा शिजत नव्हता. माणूस असा अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा. एका बाबतीत मात्र तो पुरता रेल्वेचा होता. दोन मिनिटं उशीर म्हणजे त्यांना अपघातच वाटायचा.

असा वेळेचा पक्का माणूस शेअरबाजारात बुडाला, यावर त्यांच्या कचेरीतल्या कुणाचा विश्वास बसला नसता. कुणाला ते ठाऊकच नव्हतं म्हणा. निवृत्तीनंतर वेळ खायला उठला, शेजारच्या घोषालबाबूंनी मोबाइलवर शेअरबाजाराचं ॲप घालून दिलं, आणि दिगंबरराव निफ्टीच्या ऑप्शनमध्ये, म्हणजे बाजाराचा निर्देशांक चढेल की पडेल यावर पैसे लावायच्या सौद्यांत शिरले. सुरुवातीला थोडं मिळालं. हीच तर खरी वाईट गोष्ट. मग जायला लागलं, आणि गेलेलं परत आणायला आणखी जायला लागलं. "येईल परत," असं ते स्वतःशी म्हणायचे आणि दुपारी साडेतीनला बाजार बंद होईपर्यंत पडद्याकडे बघत बसायचे. पाच महिन्यांत सहा लाख गेले. मुदतठेव मोडली, तेही बायकोला न सांगता. बँकेचं पत्र नलिनीबाईंच्या हाती पडलं तेव्हा कुठे सगळं उघडं झालं.

नलिनीबाईंनी आदळआपट केली नाही. केली असती तर बरं झालं असतं, असं दिगंबररावांना पुढे बरेच दिवस वाटत राहिलं. त्या एवढंच म्हणाल्या, "पैसे गेले ते गेले. पण पाच महिने तुम्ही माझ्यासमोर बसून जेवत होतात आणि एक अक्षर बोलला नाहीत. पुन्हा एकदा लपवलंत ना, तर मी वृंदाकडे नागपूरला जाईन, आणि मग मला न्यायला येऊ नका." त्या बोलल्याप्रमाणे वागणाऱ्या होत्या. चाळीस वर्षांत त्यांचा एकही शब्द फुकट गेला नव्हता.

मग त्यांनी खातं बंद का नाही करायला लावलं? वृंदानं, त्यांच्या मुलीनं, फोनवर हाच प्रश्न विचारला होता. "अगं, बंद करा म्हटलं तर न्हाणीघरात कडी लावून करतील," नलिनीबाई म्हणाल्या. "त्यापेक्षा माझ्या डोळ्यांदेखत करू देत." त्यांनी नियम घातला आणि दिगंबररावांनी तो वेळापत्रकासारखा आखून दिला. आठवड्यातून एकच दिवस, गुरुवार. त्या आठवड्याचे निफ्टीचे ऑप्शन ज्या दिवशी संपतात तो दिवस. रक्कम अडीच हजार, बुधवारी संध्याकाळी नलिनीबाई खात्यात घालणार, त्यावर एक पैसा नाही. फक्त विकत घ्यायचं, जवळ नसलेला ऑप्शन विकून जोखीम अंगावर घ्यायची नाही. म्हणजे ऑप्शनची भरलेली किंमत गेली तर गेली, पण त्यापलीकडे कुणी दारात येणार नाही. आणि बारा पंचवीसला बाहेर पडायचं. नफा असो, तोटा असो, मिळेल त्या भावाला.

बारा पंचवीसच का? कारण टेंब्यांच्या घरी दर गुरुवारी साडेबाराला दत्ताची आरती असे. दिगंबररावांच्या आजोबांपासूनची ती पद्धत कलकत्त्यातही कधी चुकली नव्हती. सौदा उघडा ठेवून दत्तापुढे उभं राहायचं नाही, अशी नलिनीबाईंची अट होती. निरांजन पेटवण्याआधी त्या विचारायच्या, "बाहेर?" आणि दिगंबरराव म्हणायचे, "बाहेर." फोन दिवाणखान्यातल्या टेबलावर राहायचा. देवघरात फोन येत नसे.

दोन वर्षं हे असं चाललं. त्यातून टेंबे श्रीमंत झाले असं कुणी समजू नये. बहुतेक गुरुवारी पैसे जायचेच. त्याच दिवशी संपणारा ऑप्शन म्हणजे उन्हात ठेवलेला बर्फ. बाजार जागचा हलला नाही तरी तो वितळतोच. पण अडीच हजारांच्या वर कधी गेलं नाही, आणि घर शाबूत राहिलं.

त्या गुरुवारी सव्वादहाला निफ्टी एकोणीस हजार चारशे साठच्या आसपास होता. दिगंबररावांना तो चढेल असं वाटलं. त्यांनी साडेएकोणीस हजारांचा कॉल, म्हणजे चढण्यावरचा ऑप्शन, घेतला. भाव चोवीस रुपये, पन्नासाचे दोन लॉट, म्हणजे चोवीसशे. निफ्टी साडेतीनपर्यंत साडेएकोणीस हजारांच्या वर गेला नाही तर त्या कागदाची किंमत शून्य, हे त्यांना पाठ होतं.

आणि बाजार चढला की! बाराला भाव अठ्ठावीस होता, बारा वीसला साडेएकतीस. म्हणजे साडेसातशेचा नफा. सलग सहा गुरुवार तोट्यात गेल्यानंतर साडेसातशे. बारा पंचवीस झाले. आता नियमानं मिळेल त्या भावाला विकून मोकळं व्हायचं. पण माणसाचा हात मोठा लबाड. त्यांनी मिळेल तो भाव न टाकता तेहतीस रुपये टाकले. दीड रुपयानं काय होतंय? आत्ता चढतोय, दोन मिनिटांत मिळेलच. पडद्यावर आलं की ऑर्डर नोंदवली. नोंदवली, झाली नव्हे. हा फरक दिगंबररावांना शंभर टक्के कळत होता.

आतून हाक आली, "अहो, नैवेद्य झालाय."

फोन टेबलावर पालथा ठेवून ते देवघरात गेले. नलिनीबाईंनी काडी पेटवली.

"बाहेर?"

"बाहेर."

एवढं म्हणून झालं. गणपतीची आरती सुरू झाली. दिगंबरराव टाळ्या वाजवत होते आणि कान दिवाणखान्याकडे होते. ऑर्डर पुरी झाली की फोन टिंग वाजतो. वाजला नव्हता. झांजेच्या आवाजात ऐकू आला नसेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. मग आठवलं, की झांज आज काढलेलीच नाही. दत्ताची आरती सुरू झाली. आरतीचे शब्द तोंडून आपोआप येत होते आणि मनात दुसराच हिशेब चालला होता. मिळाले तेहतीस तर गोष्ट मिटली, हिला कळायचंही नाही. नाही मिळाले तर आरतीनंतर गुपचूप विकून टाकू, तरीही कळायचं नाही. असंच तर सुरू झालं होतं गेल्या वेळी. पहिल्या तोट्याच्या दिवशी फक्त अकराशे रुपये होते, सांगायचे राहून गेलेले.

त्यांच्या टाळ्या थांबल्या. हातात निरांजनाचं तबक घेतलेली नलिनी, तिची पिकलेली वेणी, दंडावरचा लसीचा जुना वण, हे सगळं त्यांना एकदम दिसलं, आणि ही नागपूरच्या गाडीत बसलेलीही दिसली.

"नलू," ते म्हणाले, "मी बाहेर नाहीये."

आरती मध्ये थांबवायची नसते. या घरात ती कधीच थांबली नव्हती. नलिनीबाई तबक हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"म्हणजे?"

"तेहतीसला टाकलीय ऑर्डर. लागलेली नाही. मघाशी मी खोटं बोललो."

ज्योत हलत होती.

"मग पडा की बाहेर!" नलिनीबाई कडाडल्या. "उभे काय राहिलात माझ्या तोंडाकडे बघत? दत्त थांबतील. तो तुमचा निफ्टी थांबणार आहे का?"

दिगंबरराव धावले. सहासष्टाव्या वर्षी माणूस घरातल्या घरात धावतो ते दृश्य काही फार शोभेचं नसतं. फोन उलटला. बारा सदतीस. निफ्टी पन्नास अंकांनी घसरला होता आणि कॉलचा भाव होता तेरा रुपये वीस पैसे. साडेएकतीसचे तेरा! आणि त्याच क्षणी तो जुना, ओळखीचा आवाज बोलला, येईल परत. अजून जवळजवळ तीन तास आहेत. आत्ता विकलंस तर मूर्ख ठरशील.

त्यांनी मान वर केली. नलिनीबाई तबक घेऊन दारात येऊन उभ्या होत्या. ज्योतीवर एक हात आडवा धरला होता, पंख्याच्या वाऱ्यानं विझू नये म्हणून.

दिगंबररावांनी ऑर्डर बदलली. तेहतीस खोडून मिळेल तो भाव केला आणि अंगठा दाबला. टिंग वाजलं. शंभरच्या शंभर गेले, बारा रुपये नव्वद पैशांना.

"अकराशे दहा रुपये गेले," ते म्हणाले. "वर दलालीचे थोडे."

"बरं. हात धुवा आणि या."

आरती पुन्हा पहिल्यापासून झाली, गणपतीपासून. नैवेद्याचा शिरा गार झाला. दिगंबरराव इतक्या मोकळ्या गळ्यानं म्हणत होते की खालच्या मजल्यावरच्या बउदींनी, म्हणजे बंगाली वहिनींनी, नंतर विचारलं, आज टेंबेदांकडे काही विशेष होतं का. छातीवरून कुणीतरी पेटी उतरवून घेतली असावी तसं त्यांना वाटत होतं. अकराशे रुपये गमावून एवढं बरं वाटतं, हे जगाला सांगायची सोय नाही.

पुढे त्या कागदाचं काय झालं ते त्यांनी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर साडेतीनला शून्य दिसलं असतं.

जेवण झाल्यावर नलिनीबाईंनी नागपूरला फोन लावला. दिगंबरराव बाल्कनीत खुर्ची ओढून बसले आणि मनाची तयारी केली. आता गाऱ्हाणं जाणार, आणि जायलाच हवं. खोटं तर बोललोच होतो, दहा मिनिटांपुरतं का होईना, तेही निरांजनापुढे. खोलीतून आवाज येत होता.

"नाही गं, हरले. अकराशे. ते जाऊ दे. ऐक ना वृंदा, मध्येच थांबले आणि स्वतःहून सांगितलं. मी पुन्हा विचारलं नव्हतं." मग नलिनीबाईंचा आवाज भरून आला. "दोन वर्षं झाली बघ, गुरुवारी दुपारी मी डोळा लावलेला नाही. भिंतीकडे तोंड करून पडायची नुसती आणि साडेतीनची वाट बघायची, हे खरंच बाहेर पडलेत की नाही म्हणून. आता ठेवते फोन. आज मला झोप येतेय."

दिगंबरराव खुर्चीतच बसून राहिले. दोन वर्षं दर गुरुवारी दुपारी आपण चहा घेऊन जायचो तेव्हा ही जागीच असायची, आणि आपल्याला वाटायचं आत्ताच उठली. त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते आवरलं नाही.

थोड्या वेळानं ते आत गेले. नलिनीबाई कुशीवर वळून झोपल्या होत्या, तोंड जरा उघडं, हलकंसं घोरणं चाललेलं. घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. ते दाराशी टेकून, हसू दाबत, कितीतरी वेळ ते घोरणं ऐकत उभे राहिले.