बंडूनं मोजलेलं रिकामं घर

बंडूकडून एखादी गोष्ट समजून घ्यायची तर आधी त्याला गिला वडा खाऊ घालावा लागे. ही त्याची फी नव्हती. पोटात काही नसलं की आपलं डोकं चालत नाही, असं तो स्वतःच सांगे, आणि अमरावतीच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाच्या निम्म्या वर्गानं त्याचं हे म्हणणं बिनबोभाट मान्य केलं होतं. परीक्षा जवळ आली की कँटीनच्या कोपऱ्यातल्या बाकावर बंडू, समोर दह्यात बुडालेला वडा, आणि भोवती वह्या घेऊन पोरं. सांगताना तो कधी कंटाळला नाही. एकच गोष्ट पाचव्यांदा विचारणाऱ्यालाही त्यानं कधी ‘अक्कल गहाण टाकली का’ म्हटलं नाही.

दामिनी त्या गर्दीत कधी गेली नव्हती. अकोल्याच्या जुन्या शहरात तिच्या वडिलांचं फुलांचं दुकान. पहाटे हार गुंफणाऱ्या घरातली ही मुलगी वर्गात पहिली येई आणि आपण पहिली येतो हे तिला चांगलंच ठाऊक असे. बंडू एक वर्ष नापास होऊन त्यांच्या वर्गात आलेला. नापास मुलाकडून काय शिकायचं, असं ती उघड बोलली नसली तरी तिच्या मनात ते होतंच.

बंडू तेल्हाऱ्याजवळच्या खेड्यातला. घरी काळी जमीन, कपाशी, हरभरा, वडील जानराव आणि बोलायला बसल्या की ज्यांना सूर्य मावळल्याचं कळत नाही अशा आई कौशल्याबाई. नापास झाला तो गणितात. ते वर्ष गावी काढताना त्यानं एक रीत धरली, ती मग सोडली नाही. मोठ्या प्रश्नाला आधी हातच लावायचा नाही. त्या जातीचा सगळ्यात लहान प्रश्न घ्यायचा, इतका लहान की उत्तर डोळ्यांना दिसावं, आणि आपली रीत तिथं लावून पाहायची. ‘समजा आपण घरापासून एकाच पावलावर आहो,’ या वाक्यानं त्याची प्रत्येक शिकवणी सुरू होई. पोरं त्याची नक्कल करत, पण पास होत.

त्या सत्रात चंदन सरांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विषयात आठ ठोकळ्यांचं कोडं दिलं. तीन बाय तीनची चौकट, एक ते आठ आकड्यांचे ठोकळे, नववं घर रिकामं. शेजारचा ठोकळा रिकाम्या घरात सरकवत सरकवत सगळे आकडे ओळीनं लावायचे, रिकामं घर शेवटी खालच्या उजव्या कोपऱ्यात आणायचं. हे ‘ए स्टार’ नावाच्या पद्धतीनं संगणकाकडून सोडवून घ्यायचं होतं. ती पद्धत प्रत्येक मांडणीपाशी दोन आकड्यांची बेरीज करते: इथवर किती चाली झाल्या, आणि इथून पुढे किती लागतील याचा अंदाज. ज्या मांडणीची बेरीज सगळ्यात कमी, ती आधी उघडायची. तो अंदाज म्हणजेच ह्युरिस्टिक. त्याला अट एकच. अंदाज खऱ्यापेक्षा कमी निघाला तर चालेल, जास्त निघता कामा नये. ही अट पाळली तर मिळणारा मार्ग सगळ्यात छोटाच असतो. मोडली, तर त्याची हमी राहत नाही.

सरांनी सगळ्यांना एकच विस्कटलेली मांडणी दिली आणि वर एक बक्षीस ठेवलं. अकोल्यातल्या एका छोट्या कंपनीत, संत्र्याच्या बागेतून फवारणीची गाडी आपली आपण कशी न्यायची यावर काम चालू होतं. तिथं सुट्टीत एका विद्यार्थ्याला घेणार होते. ज्याचा प्रोग्राम सगळ्यात कमी मांडण्या उघडून कोडं सोडवेल, तो जाईल.

दामिनीला ही जागा हवी होती, कारण ती पहिली येणारी होती आणि अशा जागा तिच्याच असतात अशी तिची समजूत होती. बंडूला ती हवी होती, कारण नोकरी द्यायला येणाऱ्या बहुतेक कंपन्या मध्ये वर्ष वाया गेलेल्या मुलांना परीक्षेलाच बसू देत नसत. त्याच्यासाठी उघडं असलेलं हे एकच दार होतं.

आणि निकाल लागला तेव्हा बंडू पहिला होता, दामिनी दुसरी. दामिनीच्या प्रोग्रामनं उघडलेल्या मांडण्यांपेक्षा त्याच्या कितीतरी कमी. वर्गानं बाकं बडवली. कौशल्याबाईंच्या कानावर बातमी दुपारी गेली आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी ती गावातल्या विहिरींनाही सांगितली असेल.

दामिनी दोन दिवस जळफळली. तिनं तिचा प्रोग्राम उलटासुलटा करून पाहिला. प्रत्येक ठोकळा आपल्या घरापासून आडवा-उभा किती घरं दूर आहे ते मोजायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची, हाच तिचा अंदाज. तो पुस्तकातलाच, त्याहून चांगला तिला सुचेना. शेवटी तिनं गर्व गुंडाळून ठेवला, एक गिला वडा घेतला आणि कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसली.

“बंडू, तुझ्यात असं काय आहे जे माझ्यात नाही?”

“नापास झाल्याचं सर्टिफिकेट,” बंडू म्हणाला आणि वडा पुढ्यात ओढला. “बस. सांगतो. लपवून ठेवाची गोष्ट थोडीच हाय.”

तिनं वही उघडली. बंडूनं तिच्याच वहीतला एक कागद मागून घेतला, त्याचे तुकडे केले, आकडे घातले आणि बाकावर मांडले.

“तू आठ ठोकळे मोजते. मी नऊही घरं मोजतो. रिकामं घर बी आपल्या जाग्यापासून किती दूर हाय, ते त्यात मिळवतो. त्याच्यानं अंदाज मोठा येते, अन् प्रोग्राम इकडे तिकडे भटकत नाई.”

दामिनी भराभर लिहून घेत होती. एवढंच? एका ओळीचं काम. खोलीवर जाऊन आपणही रिकामं घर मोजू, असं तिनं ठरवूनही टाकलं.

“आता पाय बरं. समजा आपण घरापासून एकाच पावलावर आहो.” त्यानं सगळे तुकडे जागेवर लावले आणि फक्त शेवटच्या ओळीत सात, मग रिकामं घर, मग आठ असं ठेवलं. “आठ डावीकडे सरकवला की झालं. चाल किती? एक. आता माहा अंदाज पाय. आठ एक घर दूर. एक. रिकामं घर बी एक घर दूर. एक. म्हणजे झाले…”

तो थांबला. चमचा हातातच राहिला.

“दोन,” दामिनीनं लिहिता लिहिता वाक्य पुरं केलं.

“दोन,” बंडू म्हणाला. “अन् चाल एकच हाय.”

तिला अजूनही उमगलं नव्हतं. तिनं वर पाहिलं तेव्हा बंडूचा चेहरा उतरला होता.

“माहा अंदाज खऱ्यापेक्षा जास्त सांगून राहिला, दामिनी. तुह्या प्रोग्रामनं किती चालीत सोडवलं? मांडण्या नाई, चाली.”

तिनं सांगितलं. बंडूनं लॅपटॉप काढून आपल्या चाली पाहिल्या. त्या दोन जास्त होत्या. चंदन सरांनी चाली विचारल्याच नव्हत्या. ए स्टार म्हटल्यावर मार्ग सगळ्यात छोटाच येणार, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. बंडूनं एक ओळ बदलली, रिकामं घर वगळलं आणि पुन्हा चालवून पाहिलं. आता चाली दामिनीइतक्याच आल्या, आणि उघडलेल्या मांडण्या तिच्यापेक्षा थोड्या जास्त.

बाकावर दोघंच होते. सरांना माहीत नव्हतं, वर्गाला माहीत नव्हतं, आणि बंडूनं लॅपटॉप मिटला असता तर कधी कळलंही नसतं. दामिनीनं त्या क्षणी स्वतःला विचारलं, की त्याच्या जागी मी असते तर काय केलं असतं? उत्तर लगेच आलं आणि ते तिला आवडलं नाही. मी लॅपटॉप मिटला असता.

“आता काय करशील?” तिनं विचारलं.

“आधी वडा खातो,” बंडू म्हणाला. “थंडा झाला तं दही पाणी सोडते.” त्यानं तो खरोखर शेवटच्या घासापर्यंत खाल्ला, पण गप्प बसून, आणि बंडूला गप्प बसून खाताना तिनं पहिल्यांदाच पाहिलं. मग तो उठून सरांच्या खोलीकडे गेला.

दुसऱ्या दिवशी चंदन सर वर्गात आले ते हातात खडू घेऊनच. त्यांनी फळ्यावर तीच मांडणी काढली: सात, रिकामं, आठ. बंडूच्या अंदाजात काय चुकलं ते समजावलं, चाली न विचारण्यात आपलंही चुकलं हे सांगितलं आणि जाहीर केलं, “नियमाप्रमाणे जागा दामिनीची. आणि ही चूकही तिनंच शोधून काढली, हे बंडूनं मला स्वतः सांगितलं. तिचं दुहेरी कौतुक.”

वर्गानं टाळ्या वाजवल्या. दामिनीनं मागे वळून पाहिलं. बंडू सगळ्यांत जोरात वाजवत होता.

हसून खाली बसावं, एवढंच करायचं होतं. पण तिच्या वहीत कालची ओळ होती: ‘रिकामं घर मिळवणे’. ती उभी राहिली.

“सर, चूक मी शोधली नाही. मी ती उतरवून घेत होते. बंडू समजावून सांगत होता आणि त्यालाच ती सापडली. त्यानं गप्प राहायचं ठरवलं असतं तर मला आजही कळली नसती.”

सरांनी खडू टेबलावर ठेवला.

“बंडू, मग माझ्याशी खोटं काहून बोलला?”

बंडू उभा राहिला. पहिल्यांदाच तो थोडा लाजला होता.

“खोटं नाई सर. दोन आठवडे तो प्रोग्राम माह्यापाशी होता. दुनियेले सांगतो, एका पावलावरून सुरू करा, अन् माह्यासाठी मी नाई केलं. काल इनं विचारलं म्हणून केलं. आपलं आपल्याले कोणी समजावून सांगते का? समोर विचारणारं पायजे. मंग चूक इनंच शोधली ना.”

सरांनी मान हलवली आणि जागा दामिनीचीच ठेवली.

सुट्टी लागली तशी दामिनी अकोल्याला गेली. कंपनीतल्या माणसानं तिला विचारलं की कॉलेजात तू काय काय केलंस, तेव्हा तिनं आपले क्रमांक सांगितले, पहिला, पहिला, पहिला. सांगून झाल्यावर तिला आठवलं, की एवढ्या वर्षांत आपण कोणाला काहीच समजावून सांगितलं नाही.