शिंपीकाकांच्या पुस्तकातला जादा माणूस

आमचे शेजारी शिंपीकाका जन्मभर लोकांची मापं घेत आले आणि म्हातारपणी आत्मचरित्र लिहून बसले. संपादकबाईंचं पत्र आलं: “पहिल्या प्रकरणात आपण एकुलते एक आहात. पुढे मात्र वारंवार अंथरुणं दोन पडतात, कुणीतरी कंदील धरतं. त्या व्यक्तीची ओळख करून द्या किंवा तिला सगळीकडून काढा.”

“काका, भूत पाळलंत की काय?” मी चिडवलं.

काका हसले नाहीत. “धाकटा तापात गेला. आईला सोसेना, म्हणून घरात त्याचं नाव काढणंच बंद झालं. मीही लिहिला नव्हता रे. तोच येऊन बसलाय.”

मी पहिल्या प्रकरणाची पानं काढून त्यांच्यापुढे ठेवली.

काकांनी ‘एकुलता एक’ खोडलं आणि वर लिहिलं, “आम्ही दोघे भाऊ.”